मातासेरु आणि मातासारेरु: जपानीतलं ‘करायला लावणं’ कसं वापरावं

‘सेन्पाइ नि शिर्यो ओ त्सुकुरासारेमाशिता.’ जपानमधल्या ऑफिसात रुजू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी हे वाक्य माझ्या निप्पोमध्ये, म्हणजे रोजच्या कामाच्या अहवालात, लिहिलं. मला सांगायचं होतं की माझ्या सीनियरने बैठकीची कागदपत्रं माझ्याकडून करून घेतली आणि त्यातून खूप शिकायला मिळालं. वाचणाऱ्यांना दिसलं ते असं: ‘सीनियरने मला कागदपत्रं करायला भाग पाडलं.’ संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी आले आणि काम जड होतंय का, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. माझ्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती, आणि नेमकं त्यामुळेच त्यांना ते खरं वाटलं होतं.

‘करायला लावणं’ सांगणारं प्रयोजक आणि ‘करायला लावलं जाणं’ सांगणारं प्रयोजक-कर्मणी ही रूपं बहुतेक वर्गांत दोन-तीन तासांत उरकतात, कारण ती बनवायला सोपी आहेत. त्यांतली भावना मात्र क्रियापदाच्या शेपटीत असते, आणि ती शेपटी नीट ऐकायला कुणी शिकवत नाही. या लेखात मी तेच पायरीपायरीने मांडते आहे. जपानी वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत. त्यांतले ‘वा’, ‘ओ’, ‘नि’ हे सुटे शब्द म्हणजे आपल्या विभक्तिप्रत्ययांसारखे जोड आहेत.

पहिली पायरी: रूप बनवा

बाराखडी येणाऱ्या माणसाला हे रूप एका ओळीत समजतं. जपानी क्रियापदांचे गोदान आणि इचिदान असे दोन मुख्य गट आहेत. गोदान गटातल्या क्रियापदाच्या शेवटच्या अक्षराचा उकार काढा, त्याला काना द्या आणि पुढे ‘सेरु’ जोडा. काकु (लिहिणे) चं काकासेरु, नोमु (पिणे) चं नोमासेरु, त्सुकुरु (बनवणे) चं त्सुकुरासेरु. दोन ठिकाणी जपून चाला. मात्सु (वाट पाहणे) मधल्या ‘त्सु’ चा ‘ता’ होतो, म्हणून मातासेरु. आणि काउ (विकत घेणे) सारख्या नुसत्या ‘उ’ ने संपणाऱ्या शब्दात ‘वा’ येतो, म्हणून कावासेरु.

इचिदान गटात, म्हणजे ताबेरु (खाणे) किंवा मिरु (पाहणे) सारख्या क्रियापदांत, ‘रु’ काढून ‘सासेरु’ लावायचं: ताबेसासेरु, मिसासेरु. करणे या अर्थाच्या सुरु चं सासेरु आणि येणे या अर्थाच्या कुरु चं कोसासेरु होतं, ही दोन पाठच करावी लागतात. गट ओळखण्यात चूक झाली की अर्थच बदलतो. परत जाणे या अर्थाचं काएरु गोदान आहे, त्याचं काएरासेरु. बदलणे या अर्थाचं काएरु इचिदान आहे, त्याचं काएसासेरु. घरी पाठवायच्या माणसाला चुकून ‘बदलायला’ लावू नका.

आता प्रयोजक-कर्मणी. ‘सेरु’ ने संपणारं प्रत्येक रूप पुढे ताबेरुसारखंच चालतं, म्हणून ‘रु’ काढून ‘रारेरु’ जोडा: मातासेरारेरु. रोजच्या बोलण्यात यातला ‘सेरा’ आकसून नुसता ‘सा’ उरतो आणि मातासारेरु ऐकू येतं. नोमासारेरु, काकासारेरु, त्सुकुरासारेरु ही सगळी अशीच आकसलेली रूपं. ही सवलत फक्त गोदान क्रियापदांना आहे, आणि त्यांतही ‘सु’ ने संपणाऱ्यांना नाही, कारण तिथे ‘सासा’ असा अडखळा येतो. म्हणून हानासु (बोलणे) चं हानासासेरारेरु हे लांब रूपच वापरतात. ताबेसासेरारेरु, सासेरारेरु आणि कोसासेरारेरु यांनाही आखूड रूप नाही. ही पाच-सात अक्षरं सुरुवातीला जिभेवर बसत नाहीत. ती एका दमात येईपर्यंत मोठ्याने म्हणणं हा मला सापडलेला एकमेव उपाय आहे.

दुसरी पायरी: नुसतं ‘सेरु’ असेल तर ते ‘लावणं’ की ‘देणं’?

मराठीत आपण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. ‘आईने त्याला खेळायला लावलं’ आणि ‘आईने त्याला खेळू दिलं’ यांत गोंधळ होऊच शकत नाही. जपानी ‘सेरु’ मात्र दोन्ही कामं करतो. ‘हाहा वा ओतोतो नि हेया नो सोजि ओ सासेता’ म्हणजे आईने धाकट्या भावाला खोली साफ करायला लावली. ‘हाहा वा ओतोतो नि सुकिना दाके गेमु ओ सासेता’ म्हणजे आईने त्याला हवा तेवढा वेळ गेम खेळू दिला. क्रियापद अक्षर न् अक्षर तेच आहे. अर्थ ठरवायला एकच प्रश्न पुरतो: करणाऱ्याला हे काम स्वतःहून करायचं होतं का? गेम हवाच असतो, म्हणून ते ‘देणं’. झाडलोट सहसा नको असते, म्हणून ते ‘लावणं’.

आपल्या भाषेतही असा एक शब्द आहे: पाजणे. बाळाला दूध पाजलं यात माया आहे, आणि मित्रांनी त्याला दारू पाजली यात बळजबरी येऊ शकते. जपानी नोमासेरु हुबेहूब पाजणेसारखं वागतं. बाळाला दूध, आजाऱ्याला औषध, नवख्याला दारू, सगळ्यांना नोमासेरुच. प्रत्येक ‘सेरु’ कडे पाजणेच्या नजरेने पाहिलंत तर ‘सेरु म्हणजे सक्ती’ हे डोक्यात बसलेलं समीकरण सुटतं.

जोडशब्दांचा नियम थोडक्यात असा. मूळ क्रियापदाला कर्म असेल तर करणाऱ्याला ‘नि’ लागतो, कारण ‘ओ’ कर्माने आधीच घेतलेला असतो: ओतोतो नि यासाइ ओ ताबेसासेता, भावाला भाजी खायला लावली. कर्म नसेल तर करणाऱ्याला बहुधा ‘ओ’ लागतो: कोदोमो ओ इकासेता, मुलाला पाठवलं. अशा जागी ‘ओ’ ऐवजी ‘नि’ आला तर करणाऱ्याची इच्छा विचारात घेतल्याची, म्हणजे ‘जाऊ दिलं’ ची छटा येते, असं व्याकरणात सांगतात. ते खरं आहे, पण या एका अक्षरावर सगळा अर्थ तोलू नका. आजूबाजूची वाक्यं त्याहून जास्त सांगतात.

यापुढचा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो. नाकु (रडणे), वाराउ (हसणे), कोमारु (अडचणीत येणे) अशा मनाच्या क्रियापदांत कुणी कुणाला हुकूम देत नाही. ‘मिन्ना ओ वारावासेता’ म्हणजे त्याने सगळ्यांना हसवलं. ‘हाहा ओ नाकासेता’ म्हणजे माझ्यामुळे आईच्या डोळ्यांत पाणी आलं. इथे माणसाला नेहमी ‘ओ’ लागतो आणि अर्थ ‘कारण ठरणं’ एवढाच असतो. त्यातून पुढे अपराधीपणा उगवतो, विशेषतः मागे ‘-ते शिमात्ता’, म्हणजे ‘नको ते होऊन बसलं’, आलं की. फ्रिजमध्ये पडून भाजी सडली तर जपानी गृहिणी म्हणते, ‘यासाइ ओ कुसारासेते शिमात्ता.’ तिने भाजी सडवायचं ठरवलं नव्हतं. वेळेवर वापरली नाही, हा दोष ती स्वतःकडे घेते. आणि अपघातात मुलगा गेलेला बाप म्हणतो, ‘मुसुको ओ शिनासेते शिमात्ता.’ शब्दकोश उघडून याचा अर्थ ‘मुलाला मरायला लावलं’ असा काढला तर भयंकर होईल. बाप म्हणतोय, ‘मी त्याला वाचवू शकलो नाही.’ बातम्यांमध्ये, मुलाखतींमध्ये शिनासेता हा शब्द कानावर आला की तिथे मारणं शोधू नका, ते दुःख आणि पश्चात्ताप आहे.

नुसत्या ‘सेरु’ ला आणखी एक मर्यादा आहे. लावणारा आणि देणारा, दोघेही करणाऱ्याच्या वर असतात. म्हणून आपल्या वरिष्ठाबद्दल ‘बुचो नि शिर्यो ओ योमासेमाशिता’ म्हटलं तर तुम्ही विभागप्रमुखांना कागदपत्रं वाचायला लावलीत, असं होतं. तिथे ‘बुचो नि शिर्यो ओ योन्दे इतादाकिमाशिता’ म्हणायचं, म्हणजे त्यांनी कृपा करून वाचली. उलट बाहेरच्या ग्राहकाशी फोनवर बोलताना आपल्या कंपनीतल्या माणसाबद्दल ‘तान्तो नो मोनो नि रेन्राकु सासेमासु’, म्हणजे ‘संबंधित माणसाला तुमच्याशी संपर्क करायला सांगते’, हे अगदी योग्य. परक्यांसमोर आपली माणसं खाली धरायची, हा जपानी शिष्टाचार इथे व्याकरणात उतरतो.

तिसरी पायरी: ‘सेते’ नंतर काय येतं ते ऐका

जपानी माणूस ‘सेरु’ सहसा उघडा ठेवत नाही. मागे देण्या-घेण्याचं क्रियापद जोडून तो आपली भावना सांगून टाकतो. परदेशी शिकायला जाण्याचंच उदाहरण घ्या. ‘र्योशिन वा वाताशि ओ र्यूगाकु सासेता’ हे कोरडं विधान आहे, आई-वडिलांनी मला परदेशी शिकायला पाठवलं, पुढे माझं मन कळत नाही. ‘र्योशिन गा र्यूगाकु सासेते कुरेता’ म्हटलं की कृतज्ञता आली, त्यांनी मला जाऊ दिलं, माझ्यासाठी केलं. ‘र्योशिन नि र्यूगाकु सासेरारेता’ म्हटलं की तक्रार आली, मला जायचं नव्हतं. घटना एकच, विमानही एकच. ‘कुरेता’ किंवा ‘मोरात्ता’ ऐकू आलं की ते ‘देणं’, हा नियम जवळपास कधीच दगा देत नाही.

मोरात्ता हा शब्द दोन ‘त’ नी उच्चारतात आणि त्यात बोलणारी व्यक्ती ‘मिळवणारी’ असते: र्योशिन नि र्यूगाकु सासेते मोरात्ता. कुरेता मध्ये देणाऱ्याकडे बोट, मोरात्ता मध्ये माझ्या पदरात पडलेल्या संधीकडे. उपकाराची भावना दोन्हींत आहे.

परवानगी मागायची ती याच वाटेने. ‘यासुन्दे कुदासाइ’ म्हणजे तुम्ही विश्रांती घ्या. ‘यासुमासेते कुदासाइ’ म्हणजे मला सुट्टी घेऊ द्या. नवखे लोक इथे हमखास अडखळतात आणि साहेबालाच सुट्टीवर पाठवतात. मराठीत ‘घ्या’ आणि ‘घेऊ द्या’ एवढाच फरक आहे, तो मनात धरा. ऑफिसात त्याहून मऊ विचारायचं: ‘आशिता, यासुमासेते इतादाकेमासेन का’, उद्या मला सुट्टी घेऊ द्याल का. दुकानाच्या बंद दारावर ‘होन्जित्सु वा यासुमासेते इतादाकिमासु’ अशी पाटी असते. ग्राहकाकडे कुणी परवानगी मागितलेली नसते, तरी तुमच्या सौजन्याने आज बंद ठेवतो आहोत, असा तो सूर असतो.

हे ‘सासेते इतादाकु’ इतकं सभ्य वाटतं की लोक ते प्रत्येक वाक्याला चिकटवतात. जपानच्या बुन्का शिंगिकाइ या सांस्कृतिक परिषदेने 2007 साली आदरार्थी भाषेबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत याच्या दोन कसोट्या सांगितल्या आहेत: ते काम समोरच्याच्या किंवा तिसऱ्या कुणाच्या परवानगीने होत असावं, आणि त्यातून आपल्याला काही लाभ होत असावा किंवा तशी भावना असावी. ग्राहकाच्या कागदाची प्रत काढायची असेल तर दोन्ही कसोट्या लागू होतात. ‘मी अमुक कॉलेजातून पदवी घेतली’ याला मात्र ऐकणाऱ्याच्या परवानगीची गरज नसते, तिथे साधं ‘शिमाशिता’ पुरेसं आहे.

चौथी पायरी: ‘सारेरु’ आलं की तक्रार ऐका

प्रयोजक-कर्मणीत करणारा वाक्याचा कर्ता होतो आणि लावणाऱ्याला ‘नि’ लागतो. बुचो नि ओसाके ओ नोमासारेमाशिता: विभागप्रमुखांनी मला दारू प्यायला लावली. परवानगीचा अर्थ इथे येत नाही. ‘नोमासेरु’ मधलं ‘पिऊ देणं’ या रूपात मरून जातं आणि ‘माझ्या मनाविरुद्ध’ एवढंच उरतं.

‘प्यावी लागली’ या मराठी भाषांतरामुळे एक वेगळीच चूक होते. ‘नोमानाकेरेबा नारिमासेन देशिता’ याचंही भाषांतर ‘प्यावी लागली’ असंच होतं. पण ‘-नाकेरेबा...’ हे रूप नियम, परिस्थिती, गरज यांचं असतं. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध, भरायचा कर, गाठायची गाडी यांसाठी ते. सारेरु ला मागे कुणीतरी जोर लावणारं लागतं. पाऊस आला म्हणून टॅक्सीने जावं लागलं, याला ‘नोरानाकेरेबा नाराकात्ता’ म्हणा, ‘नोरासारेता’ म्हणू नका. तसं म्हटलंत तर ऐकणारा विचारेल, कुणी बसवलं? सारेरु वापरण्याआधी वाक्यात ‘अमुकने’ घालून पाहा. ते बसत नसेल तर हे रूप चुकलंय.

मात्सु या एका क्रियापदावर सगळा पट दिसतो. दवाखान्यात दोन तास बसलात आणि नंतर घरी ‘निजिकान माचिमाशिता’ म्हटलंत, तर ती नुसती माहिती. ‘ब्योइन दे निजिकान मो मातासारेमाशिता’ म्हटलंत, तर तब्बल दोन तास ताटकळत ठेवलं, हा वैताग. आणि तुमच्यासमोर येऊन नर्स म्हणते ‘ओमातासे शिमाशिता’, तुम्हाला ताटकळत ठेवलं. तिच्या तोंडी प्रयोजक रूप म्हणजे दोष पत्करणं, तुमच्या तोंडी प्रयोजक-कर्मणी म्हणजे दोष देणं. म्हणून ज्याने थांबवलं त्याच्याच तोंडावर ‘मातासारेमाशिता’ म्हणू नये, तक्रारच करायची असेल तेव्हाच म्हणावं. जपानी मित्र उशिरा आला आणि ‘मातासेते गोमेन’ म्हणाला, तर ‘मी पण आत्ताच आले’ या अर्थाचं ‘इमा किता तोकोरो’ हे उत्तर रूढ आहे.

ही तक्रार त्या वेळची असते, कायमची नाही. ‘कोदोमो नो कोरो, हाहा नि पिआनो ओ नारावासारेता’, लहानपणी आईने मला पियानो शिकायला लावला, असं म्हणून माणूस पुढच्याच वाक्यात ‘इमा वा कान्शा शितेइरु’, आज मी तिचा आभारी आहे, असं म्हणू शकतो. दोन्हींत विसंगती नाही.

आणि एका छोट्या कोपऱ्यात तक्रार पूर्ण नाहीशी होते. विचार आणि भावना यांच्या क्रियापदांत लावणारा माणूस नसून एखादी गोष्ट असते. एखाद्या वृद्धाचं बोलणं ऐकून ‘कांगाएसासेरारेमाशिता’ म्हणतात, त्या बोलण्याने मला विचार करायला लावलं. कुणाचं काम पाहून ‘कान्शिन सासेरारेमाशिता’ म्हणतात, मन भरून आलं, दाद द्यावीशी वाटली. इथे ‘मनाविरुद्ध’ च्या जागी ‘आपसूक, न ठरवता’ ही छटा येते. नवख्याने मोकळेपणाने वापरावीत अशी प्रयोजक-कर्मणी रूपं माझ्या मते ही दोनच. बाकीची आधी ऐकून ओळखायला शिका, बोलायची घाई करू नका.

आता ते निप्पो पुन्हा लिहू

काम एकच: सेन्पाइने सांगितलं, मी कागदपत्रं बनवली. लिहायचं कसं हे मला काय वाटलं यावर ठरतं. नुसतं काम नोंदवायचं असेल तर प्रयोजक लागतच नाही. ‘शिर्यो ओ त्सुकुरिमाशिता’, मी कागदपत्रं बनवली, एवढं पुरेसं असतं आणि बऱ्याचदा तेच सगळ्यात चांगलं असतं. सेन्पाइने सांगितलं हे कळायला हवं असेल तर ‘सेन्पाइ नि इवारेते’, त्यांनी सांगितल्यावरून, हे पुढे जोडता येतं, पण त्यातही हुकूम पाळल्याचा किंचित वास राहतो. संधी मिळाली हे सांगायचं असेल तर ‘शिर्यो ओ त्सुकुरासेते मोराइमाशिता’, आणि अहवाल वरिष्ठ वाचणार असतील तर मोराइमाशिताच्या जागी ‘इतादाकिमाशिता’. कामाची परवानगी त्यांची, शिकण्याचा लाभ माझा, म्हणजे 2007 च्या दोन्ही कसोट्या इथे लागतात.

मी दुसऱ्या दिवशी हीच दुरुस्ती केली आणि त्यात आणखी एक चूक घातली. लिहिलं ‘त्सुकुरासासेते इतादाकिमाशिता’. त्सुकुरु गोदान आहे, त्याला ‘रा’ नंतर थेट ‘सेते’ हवं, मधला ‘सा’ इचिदानचा. या जादा ‘सा’ ला जपानीत ‘सा-इरे कोतोबा’ म्हणतात, आणि जास्त नम्र बोलायच्या ओढीत जपानी लोकांकडूनही तो घुसतो: योमासेते ऐवजी योमासासेते, यासुमासेते ऐवजी यासुमासासेते. तपासायची रीत सोपी आहे. ‘इतादाकु’ झाकून क्रियापद पुन्हा साध्या रूपात आणा. त्सुकुरासासेरु असं काही भाषेत नाही, हे लगेच कानाला खटकतं. सेन्पाइने तो एक ‘सा’ पेन्सिलने गोल केला आणि शेजारी लिहिलं, ‘अर्थ पोहोचला.’